केळवणाच्या सकाळचा नळ

नळ गळतो असं आपण सरसकट म्हणतो, पण नळाला गळायच्या जागा चार असतात आणि चारही ठिकाणचे उपाय वेगवेगळे असतात. नळ घट्ट बंद करूनही तोटीच्या तोंडातून थेंब पडत असेल, तर आतला वायसर झिजलेला असतो किंवा नव्या धाटणीच्या नळातली सिरॅमिकची चकती खराब झालेली असते. नळ उघडल्यावर मुठीच्या बुडाशी पाणी पाझरत असेल, तर मुठीखालचा नट सैल असतो किंवा त्याखालचं पॅकिंग गेलेलं असतं. सिंकच्या नळाची फिरती तोटी जिथे बसते तिथून पाणी येत असेल, तर तिथली रबरी रिंग संपलेली असते. चौथी जागा भिंतीलगतची. नळाचा मागचा आटेवाला भाग भिंतीतल्या पाइपात जिथे पिळून बसवलेला असतो, तिथून पाणी टाइलवरून हळूहळू खाली उतरतं आणि ओटा सतत ओला राहतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी टेफ्लॉन टेपची पांढरी गुंडाळी या चौथ्या जागेसाठी असते. पहिल्या तीन ठिकाणी तिचा काही उपयोग नाही, आणि गळणाऱ्या सांध्यावर बाहेरून गुंडाळली तर चौथ्या ठिकाणीही नाही.

हे सगळं मी माझ्या वहिनींना काम करताना पाहिलं म्हणून इतकं नेमकं लिहू शकतो. त्यांच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि रविवारी दुपारी त्यांच्या पुण्यातल्या घरी केळवण होतं. बारा-तेरा माणसं साडेबाराला जेवायला यायची होती. मी मदतीला म्हणून सकाळीच जाऊन थांबलो होतो. पुरणाची डाळ कुकरला लागली होती, अळूची पानं धुवायची होती आणि वहिनींच्या लक्षात आलं की ओटा पुसला की पाच मिनिटांत पुन्हा ओला होतोय.

"अहो, त्या नळामागून पाणी येतंय," त्या दादाला म्हणाल्या. दादानं नेहमीच्या प्लंबरला फोन लावला. रविवार होता, तो गावाला होता, उद्या सकाळी येतो म्हणाला.

वहिनींचं माहेर सांगलीकडचं आणि माहेरी हार्डवेअरचं दुकान. शाळेत असल्यापासून त्या गल्ल्यावर बसलेल्या. कुठला नट कुठल्या कामाला आणि कुठलं गिऱ्हाईक चुकीची वस्तू मागतंय, हे त्यांना समोरच्याच्या बोलण्यावरून कळतं. त्यांनी लगेच पाना काढला नाही. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते पक्कं केलं. नळ, टाइल, ओटा सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. मग वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून एक मुठीच्या बुडाशी गुंडाळली, एक फिरत्या तोटीच्या सांध्यावर आणि एक भिंतीलगतच्या गोल चकतीखाली सरकवली. "भाऊजी, मोबाइलची बॅटरी मारा जरा इकडे." पहिल्या दोन पट्ट्या कोरड्याच राहिल्या. चकतीखालची पट्टी मिनिटभरात काळसर होऊन लोंबायला लागली.

ही पट्टीची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी नळाच्या अंगावरून वाट काढत खालच्या टोकाला येतं आणि तिथून टपकतं. थेंब जिथे पडतो तिथेच बिघाड आहे असं वाटतं, पण तो वीतभर वरही असू शकतो. सगळं कोरडं करून सगळ्यात आधी कुठला कागद भिजतो ते पाहिलं की शंका उरत नाही.

किती पाणी जातंय तेही त्यांनी पाहिलं. चकतीखाली आमटीची वाटी धरली, साधारण शंभर मिलिलिटरची. ती दोन मिनिटांत भरली. म्हणजे तासाला तीन लिटर आणि दिवसाला बहात्तर लिटर, जवळजवळ चार बादल्या. धार दिसत नसल्यामुळे इतकं पाणी जात असेल यावर दादाचा विश्वास बसेना.

तेवढ्यात वहिनींनी आणखी एक गोष्ट दाखवली. हा सिंकचा नळ भिंतीतून निघणारा आणि वर जाऊन वाकलेल्या लांब तोटीचा. तोटी डावी-उजवीकडे फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भांड्यांवर पाणी सोडता येतं. ही तोटी सरळ उभी असायला हवी होती, पण ती किंचित डावीकडे कलली होती. त्या इमारतीत वापराला बोअरचं पाणी आहे, जड आणि क्षारांचं. क्षार साचून तोटीचा फिरता सांधा आवळत गेला होता. तोटी सहज फिरेना, म्हणून घरातला प्रत्येक जण ती जोरानं ढकलत होता. आणि ती डावीकडे ढकलली की फक्त तोटी न फिरता अख्खा नळच भिंतीतल्या आट्यांमध्ये उलट्या दिशेनं केसभर सरकत होता. महिनोन्‌महिने असं होत राहिलं आणि सांधा सैल झाला. भिंतीलगतची गळती बऱ्याचदा अशीच होते. नळ आपोआप सैल होत नाही, कुणीतरी त्याला रोज थोडा थोडा उलटा पिळत असतं.

इथे सांध्याचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्या घरांतले बहुतेक नळ अर्ध्या इंचाचे म्हणून विकले जातात. ते माप पाइपच्या आतल्या भोकाचं आहे. आटे असलेल्या भागाची बाहेरची जाडी जवळपास एकवीस मिलिमीटर असते आणि तिच्यावर इंचाला चौदा आटे असतात. नळाचे आटे भिंतीतल्या एल्बोच्या आट्यांत बसतात तेव्हा धातूला धातू लागतो, पण दोघांमध्ये सूक्ष्म फट राहतेच. ही फट आट्यांच्या खाचेबरोबर गोल गोल फिरत थेट आतून बाहेरपर्यंत जाते. पाण्याला आणखी काही नको असतं. नळ नुसता कितीही जोरात पिळला तरी ही वाट बंद होत नाही. कारण नळाचे आटे सहसा सरळ असतात, पुढे निमुळते होत गेलेले नसतात, त्यामुळे ते एकमेकांत घट्ट रुतत नाहीत. ती फट कशानं तरी भरावी लागते.

पूर्वी ती सुतळी आणि सफेद्यानं भरायचे. वहिनींना वडिलांच्या दुकानातले सफेद्याचे डबे आठवत होते. नळाच्या आट्यांवर तागाचे धागे गुंडाळायचे, वरून सफेद्याचा लगदा चोपडायचा आणि पिळायचं. तागाचा धागा पाण्यानं फुगतो, म्हणून सांधा पहिल्या दिवशी थोडा पाझरला तरी नंतर आपोआप बंद व्हायचा. त्या सफेद्यात शिसं असायचं. पिण्याच्या पाण्याच्या नळाला ते चांगलं नव्हे.

टेफ्लॉनचा शोध अनपेक्षितपणे लागला. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे तरुण रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरची झडप उघडली तर वायू बाहेरच येईना, पण सिलिंडरचं वजन तर भरलेल्यासारखंच होतं. त्यांनी सिलिंडर कापून पाहिला. आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूचे रेणू आपापसात जोडले जाऊन घन झाले होते. ही भुकटी कशातच विरघळत नव्हती, आम्ल-अल्कलींना दाद देत नव्हती आणि तिला काही चिकटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामात युरेनियमचा अत्यंत दाहक वायू हाताळायला लागणाऱ्या झडपांसाठी आणि पॅकिंगसाठी ती वापरली गेली. तव्यांवरचा थर पुढे आला, आणि हीच भुकटी दाबून, लाटून पातळ पट्टी केली की आपला टेप होतो.

या टेपला गोंद नसतो. तो चिकटवत नाही. वहिनी सांगत होत्या की दुकानात गिऱ्हाइकं टेप परत घेऊन येत आणि म्हणत, "हा चिकटतच नाही, खराब माल आहे." टेप मऊ असतो म्हणून पिळताना दाबला जाऊन खाचेतली फट भरतो. तो गुळगुळीत असतो म्हणून आटे एकमेकांवर न घासता थोडे अधिक आत जातात. आणि चिकटत नाही म्हणूनच दहा वर्षांनी नळ काढायचा झाला तर निघतो. ही तिन्ही कामं तो आट्यांमध्ये दाबला गेला तरच करतो. बाहेरून गुंडाळलेल्या टेपवर कुठूनच दाब येत नाही. म्हणून नळ काढल्याशिवाय सुटका नव्हती.

वहिनींनी आधी दोन हंडे आणि मोठं पातेलं भरून घेतलं. काम लांबलं असतं तरी स्वयंपाक अडला नसता. मग बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या मागे असलेला स्वयंपाकघराच्या पाण्याचा कॉक बंद केला. तो वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नव्हता, त्यामुळे आधी हलेचना. दादा जोर लावायला पुढे झाला, पण त्यांनी त्याला थांबवलं. अडकलेला कॉक एकदम जोरानं फिरवला तर आतला दांडा तुटतो आणि मग पाणी बंदच करता येत नाही. अशा वेळी अख्ख्या इमारतीचं पाणी गच्चीवरून बंद करावं लागतं. त्यांनी तो एक रेघ पुढे, अर्धी रेघ मागे असा हलवत हलवत मोकळा केला आणि मग पूर्ण बंद केला. नंतर सिंकचा नळ उघडा ठेवला. आधी धार आली, मग ती बारीक होत होत थेंबांवर आली. जुने गेट व्हॉल्व्ह शेवटचा थेंब अडवत नाहीत, त्याची काळजी करायचं कारण नसतं. धार कमी होत नसेल तर मात्र काम तिथेच थांबवायचं.

पाना दादाच्या कपाटात होता, दहा इंचाचा, जबडा कमी-जास्त होणारा. असा पाना वापरताना एक गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत. त्याचा एक जबडा पक्का असतो आणि दुसरा सरकता. जोर लावताना पाना सरकत्या जबड्याच्या बाजूला फिरला पाहिजे, म्हणजे मुख्य भार पक्क्या जबड्यावर येतो. उलटा धरला तर सरकता जबडा हळूच उघडतो, पाना निसटतो, नटाच्या कडा गोल होतात आणि बोटं भिंतीवर आपटतात. वहिनींनी नळाच्या मागच्या चपट्या कडांवर जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळला, म्हणजे वरच्या चकचकीत मुलाम्यावर ओरखडे पडले नसते. पाना घट्ट बसवला आणि तोटी वरच्या बाजूला धरून डावीकडे फिरवली.

याच क्षणी लक्ष भिंतीकडे ठेवायचं असतं. नळ फिरतोय आणि भिंत गप्प आहे, तर सगळं ठीक आहे. भिंतीतून करकर आवाज आला, टाइलचा सिमेंटचा सांधा तडकला किंवा नळाबरोबर आतला पाइपही फिरतोय असं जाणवलं, तर तिथेच हात थांबवावा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत लोखंडी जीआय पाइप असतात. ते आतून गंजून पातळ झालेले असतात आणि नळ पिळला की आटेवाला तुकडाच भिंतीत मोडून राहतो. मग टाइल फोडल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि हे पाहुणे यायच्या आधी करायचं काम नव्हे. नव्या इमारतींत पाइप सीपीव्हीसीचे असतात. त्यांच्या एल्बोत पितळी आटे प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेले असतात. ते गंजत नाहीत, पण जास्त पिळले तर भोवतालचं प्लास्टिक तडकतं. ती गळती भिंतीच्या आत होते आणि काही आठवड्यांनी पलीकडच्या खोलीच्या रंगाला पोपडे आले की कळते. वहिनींची इमारत नवी होती आणि नळ सरळ सुटून हातात आला.

त्याच्या आट्यांवर जुन्या टेपच्या चिंध्या होत्या, अर्ध्या भागावर होत्या आणि अर्ध्यावर नव्हत्याच. बसवताना चार-पाचच वेढे घातले असावेत. त्यांनी चिंध्या नखानं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढल्या, आट्यांतला पांढरा क्षार खरवडला आणि नळ पुसून पूर्ण कोरडा केला. भिंतीतल्या एल्बोचे आटेही करंगळीला फडकं गुंडाळून पुसले. आत जुन्या टेपचा तुकडा राहिला तर तो पुढे वाहत जाऊन तोटीच्या जाळीत अडकतो.

मग टेप. नळ डाव्या हातात, आट्यांचं टोक आपल्याकडे. टेप गुंडाळायचा तो त्या टोकाकडे बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. नळ पिळतानाही तो त्याच दिशेनं फिरतो, त्यामुळे टेपचं सुटं टोक आतल्या बाजूला ओढलं जातं आणि वेढे आवळत जातात. उलटा गुंडाळला तर पिळताना टेप सुटून मागे गोळा होतो आणि चकतीपाशी पांढऱ्या चिंध्यांचं कडं तयार होतं. असं कडं दिसलं की समजावं, टेप आत गेलाच नाही. टेप थोडा ओढून धरायचा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर चढवायचा आणि ताण इतका ठेवायचा की टेपखालून आट्यांच्या रेघा दिसत राहतील. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा. तो नळ वाटेला लावतो, आणि टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. शेवटी टेप कापायचा नाही, ओढून तोडायचा, म्हणजे त्याचं टोक ताणून पातळ होतं आणि अंगठ्यानं दाबलं की आट्यांवर बसतं.

वहिनींनी आठ वेढे घातले. नळ हातानं फिरवत नेला, मग पाना लावला. तोटी सरळ वर आली तेव्हा सांधा अजून सैल लागत होता, म्हणून त्यांनी आणखी थोडा पिळला. आता सांधा घट्ट लागला, पण तोटी उजवीकडे, घड्याळात दोन वाजताना लहान काटा असतो तशी कलली.

"थोडा मागे घे की, सरळ होईल," दादा म्हणाला.

"मागे घ्यायचा नसतो. सुतळीला चाललं असतं, टेपला नाही."

हे वाक्य मी विसरलो नाही, कारण गळतीची अर्धी कामं इथेच फसतात. ताग फुगतो, म्हणून जुने कारागीर नळ सरळ करायला थोडा मागे घेत आणि ते चालून जाई. टेप एकदा दाबला गेला की तसाच राहतो, परत फुगत नाही. नळ मागे फिरला की दाबलेल्या टेपशेजारी फट पडते आणि तीच नागमोडी वाट पुन्हा मोकळी होते. त्या वेळी नळ सरळ दिसतो, कोरडाही दिसतो, आणि रात्री पाझरायला लागतो. तिथून पुढे पूर्ण फेरा पिळून सरळ करणंही धोक्याचं होतं, कारण एल्बोवर फार जोर आला असता.

म्हणून त्यांनी नळ पूर्ण बाहेर काढला, टेप सोलून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एव्हाना सव्वाअकरा वाजले होते आणि कुकरची शिट्टी कुणीतरी बंद करायला हवी होती. ती मी केली. या खेपेला त्यांनी चौदा वेढे घातले. आपल्याकडे मिळणारा साधा टेप फार पातळ असतो आणि सरळ आट्यांच्या नळाला दहा-बारा वेढे सहज लागतात. पाकिटावर किंवा कुणाच्या सल्ल्यात चार-पाच वेढे लिहिलेले असतात, ते जाड टेपचे किंवा निमुळत्या आट्यांचे असतात. आता नळ हातानं दोन-अडीच फेरे गेला आणि जड झाला. पाना लावून आणखी एक फेरा दिल्यावर तोटी दहाच्या काट्यापाशी असताना चांगलाच घट्ट लागला. तिथून उभ्यापर्यंत त्यांनी तो एकाच सलग दाबात नेला आणि सोडून दिला. वेढे कमी-जास्त करून घट्टपणाची जागा हवी तिथे आणायची, हा या कामातला खरा हातखंडा आहे, आणि तो दोन-तीन वेळा नळ काढल्या-बसवल्याशिवाय येत नाही. पहिल्या खेपेला नळ तिरका आला तर काही बिघडलेलं नसतं. टेपच्या एका गुंडाळीत सहसा दहा मीटर टेप असतो.

बाल्कनीतला कॉक त्यांनी हळूहळू उघडला, सिंकचा नळ उघडा ठेवून. एकदम उघडला तर पाइपातली हवा धडधडत बाहेर येते आणि नव्या सांध्याला धक्का बसतो. आधी फुसफुस, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. नळ बंद केला, सगळं पुन्हा पुसलं आणि चकतीखाली वर्तमानपत्राची नवी पट्टी सरकवली. अळूची पानं धुऊन, चिरून होईपर्यंत ती कोरडीच होती. पाहुणे आले तेव्हाही कोरडी होती.

पण त्यांनी ती पट्टी रात्रीपर्यंत तशीच ठेवायला सांगितली. दिवसा इमारतीत सगळीकडे नळ चालू असतात, त्यामुळे पाइपातला दाब कमी असतो. रात्री सगळे नळ बंद झाले की टाकीची पूर्ण उंची सांध्यावर येते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका असतो. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या नळावर गच्चीतल्या टाकीचा जवळपास दुप्पट दाब पडतो. खालच्या मजल्यांवरचे सांधे जास्त का गळतात याचं हे एक कारण आहे. म्हणून संध्याकाळी कोरडा वाटलेला सांधा सकाळीही पाहावा. अगदी बारीक ओल दिसली आणि तोटी थोडी आधीच थांबलेली असेल, तर पुढच्या दिशेनं केसभर पिळून पाहायला हरकत नाही. त्यानं थांबलं नाही तर नव्यानं टेप लावावा, जोर वाढवू नये.

केळवण झालं, भांडी आवरली, तरी वहिनींच्या लेखी काम संपलं नव्हतं. मुळातला बिघाड आवळलेल्या तोटीत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोटीचा नट सोडून तोटी काढली, क्षार बसलेलं टोक रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, ब्रशनं साफ केलं आणि आतली रबरी रिंग नवी घातली. रिंग घेताना जुनी रिंग दुकानात नेली, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी ती बसत नाही. आता तोटी एका बोटानं फिरते. हे केलं नसतं तर नवा टेपही काही महिन्यांत तसाच सैल झाला असता.

दोन गोष्टी टेपनं करू नयेत. फ्लशच्या टाकीला किंवा गीझरला जोडणाऱ्या लवचीक जोडपाइपांच्या टोकाला रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे आट्यांवर टेप गुंडाळला तर वायसर नीट दाबला जात नाही आणि गळती वाढते. तिथे वायसरच बदलावा. दुसरं म्हणजे गॅस. पाण्याचा हा पातळ पांढरा टेप गॅसच्या जोडणीला वापरू नये. गॅसची गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करून एजन्सीच्या माणसालाच बोलवावं.

वाचकांना माझं एकच सांगणं आहे. पाना आणि टेप केव्हाही मिळतात, पण पाणी बंद करता आलं नाही तर त्यांचा काही उपयोग नाही. आपल्या घरातला पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे ते आजच शोधा, तो हळूच पुढे-मागे करून मोकळा होतो का ते बघा, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एकदा बंद करून पुन्हा उघडा. तो फिरत नसेल तर सोसायटीच्या प्लंबरकडून आधी तोच बदलून घ्या, नळ गळायला लागण्याची वाट पाहू नका.